स्वस्त विकायचं, वेगळं विकायचं की मोजक्यांनाच विकायचं? दोन विमान कंपन्यांच्या हिशेबातून धंद्याची दिशा ठरवण्याच्या पायऱ्या

किंगफिशर एअरलाइन्सचं पहिलं विमान मे २००५ मध्ये उडालं, इंडिगोचं ऑगस्ट २००६ मध्ये. दोघींकडे एअरबसची ए३२० विमानं होती. विमानतळ तेच, इंधन तेच, त्या इंधनावरचा राज्यांचा करही तोच. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणं बंद पडली आणि त्याच वर्षी इंडिगो देशांतर्गत प्रवासीसंख्येत पहिल्या क्रमांकावर पोचली.

इतकं सगळं सारखं असताना निकाल इतका वेगळा का लागला, हे समजून घ्यायला हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये मांडलेली चौकट फार उपयोगी पडते. धंद्यात टिकाऊ नफा कमवायच्या मुळात तीन वाटा आहेत, आणि एकही धड न धरणारा मधेच अडकतो, असं ती सांगते. एमबीएच्या पहिल्या वर्षात ही चौकट चौकोन काढून शिकवली जाते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. ती हिशेबाच्या वहीत उतरवली, तर खरी कळते. म्हणून या लेखात एकच धंदा घेतो, विमानांचा. त्यातला हिशेब तुम्ही आपल्या धंद्याला लावून बघत चला.

पायरी १: वाटा नीट ओळखा

पहिली वाट खर्चातल्या आघाडीची. इथे सगळ्यांत जास्त गफलत होते. कमी भावात विकणं म्हणजे खर्चातली आघाडी नव्हे. भाव तर कोणीही उद्या सकाळी कमी करू शकतो. आघाडी म्हणजे तोच माल किंवा तीच सेवा तयार करायला तुम्हाला इतर सगळ्यांपेक्षा कमी खर्च येतो, आणि तो का कमी येतो याचं कारण दुसऱ्याला सहज उचलता येत नाही. मग बाजारभावात विकलंत तरी तुमच्याकडे चार पैसे जास्त उरतात, आणि भाव कोसळले तर तुम्ही सगळ्यांत शेवटी तोट्यात जाता.

दुसरी वाट वेगळेपणाची. गिऱ्हाईक तुमच्या वस्तूसाठी जास्त पैसे आनंदाने मोजतं, आणि ते जास्तीचे पैसे तुम्ही त्या वेगळेपणावर केलेल्या जास्तीच्या खर्चापेक्षा मोठे असतात. या वाक्याचा दुसरा भाग विसरणारे पुष्कळ. लोक कौतुक करतात, पुरस्कार मिळतात, पण तिकिटामागे हजार रुपये जास्त खर्च करून सातशेच जास्त मिळत असतील, तर ते वेगळेपण मालकाच्या खिशातून चाललेलं असतं.

तिसरी वाट म्हणजे मोजक्याच गिऱ्हाइकावर किंवा मोजक्याच भागावर लक्ष देणं. बाजाराचा एक तुकडा निवडायचा आणि त्या तुकड्यापुरतं स्वस्त किंवा वेगळं व्हायचं. याचं उदाहरण पुढे कोल्हापूरच्या एका उद्योगसमूहाचं देतो.

पायरी २: खर्च एका नगावर आणा

आता वही काढा. महिन्याचा एकूण खर्च किती, हा आकडा इथे कामाचा नाही. एका नगामागे खर्च किती, हे हवं. विमानात नग म्हणजे एक आसन. तुमच्याकडे ते एक ताट असेल, एक किलो असेल, एका विद्यार्थ्याचं एक वर्ष असेल.

समजा, मुंबई–दिल्ली एका फेरीला इंधन, भाडेपट्टा, पगार, विमानतळाचं शुल्क मिळून ७,२०,००० रुपये लागतात. हा आकडा हिशेब सोपा जावा म्हणून घेतलाय. इंडिगोने आपल्या ए३२० मध्ये एकाच वर्गाची १८० आसनं बसवली होती. म्हणजे एका आसनावर ४,००० रुपये आले. किंगफिशरने त्याच आकाराच्या विमानात पुढे २० प्रशस्त आसनं आणि मागे ११४ साधी अशी मांडणी ठेवली. एकूण १३४. तोच खर्च १३४ वर वाटला की आसनामागे जवळजवळ ५,३७० रुपये होतात. यात अजून गरम जेवण, लाउंज, प्रत्येक आसनापुढचा टीव्ही काहीच धरलेलं नाही.

हे चुकीचं आहे असं अजिबात नाही. वेगळेपणाची वाट अशीच महाग असते. प्रश्न पुढचा आहे: हा फरक भरून कोण काढणार? समजा, मागच्या ११४ प्रवाशांनी इंडिगोएवढेच ४,००० रुपये दिले. त्यातून ४,५६,००० आले. उरलेले २,६४,००० पुढच्या २० जणांकडून यायला हवेत, म्हणजे प्रत्येकी १३,२००. तेसुद्धा पुढची वीसच्या वीस आसनं प्रत्येक फेरीला भरली तर. दहाच भरली, तर प्रत्येकी २६,४००. दोन तासांच्या प्रवासाला एवढे पैसे देणारी दहा माणसं, दिवसाच्या प्रत्येक फेरीला, वर्षभर मिळतील का? नाही मिळाली, तर मागच्या प्रवाशाने साध्या तिकिटाला पाच-सहा हजार द्यायला हवेत. तो देईल का, हे सगळ्या गणिताचं मर्म आहे.

हाच हिशेब आपल्या नगावर करा. तुम्ही जास्तीचं जे काही देता, त्याने एका नगाचा खर्च किती वाढतो आणि तो नेमक्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून परत येतो, हे एका ओळीत लिहा. ओळ लिहिताना पेन अडखळलं, तर तिथेच थांबून पुन्हा विचार करा.

पायरी ३: कमी खर्चाचं कारण शोधा

ज्यांना पहिली वाट धरायची आहे, त्यांच्यासाठी ही पायरी महत्त्वाची. इंधन, कर, विमानतळाची फी हे खर्च मोठे आहेत, पण ते सगळ्यांनाच जवळपास सारखे पडतात. सगळ्यांना सारख्या पडणाऱ्या खर्चातून आघाडी मिळत नाही. ती मिळते तुमच्या कामाच्या रचनेतून.

इंडिगोने उड्डाण सुरू करण्याआधीच, २००५ मध्ये, एअरबसला एकदम १०० विमानांची ऑर्डर दिली. एवढ्या मोठ्या ऑर्डरवर चांगला भाव मिळतो. मग ती विमानं हातात आल्याबरोबर भाडेपट्टा कंपन्यांना विकून त्यांच्याकडूनच भाड्याने घेतली, त्यामुळे भांडवल अडकलं नाही. सुरुवातीची बरीच वर्षं एकाच जातीची विमानं ठेवली. वैमानिक कुठल्याही विमानावर बसू शकतो, सुट्या भागांचा साठा एकच, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण एकच.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जमिनीवरचा वेळ. उडून पोचायला दोन तास लागतात असं धरू. उतरल्यावर प्रवासी उतरवून, सफाई करून, नवे प्रवासी चढवून अर्ध्या तासात विमान परत निघालं, तर एक फेरी अडीच तासांची झाली. सोळा तासांच्या दिवसात सहा फेऱ्या बसतात. जमिनीवर तास गेला, तर फेरी तीन तासांची आणि दिवसाला पाचच. विमानाचं भाडं तर महिन्याला ठरलेलं. ते सहा फेऱ्यांवर वाटायचं की पाचांवर, एवढाच फरक, पण शंभर विमानांवर तो अवाढव्य होतो.

आता बघा, गरम जेवणाच्या ट्रॉल्या चढवायच्या नसतील, दोन वर्गांची वेगळी सोय नसेल, तर विमान लवकर निघतं. लवकर निघतं म्हणून वेळेवर पोचतं. इंडिगोची वेळ पाळण्याबद्दल जी ख्याती झाली, ती अशी कमी खर्चाच्याच कामांतून आली, त्यासाठी वेगळा पैसा टाकावा लागला नाही. दोन वाटा एकत्र जाऊच शकत नाहीत का, असं नवखे नेहमी विचारतात. जाऊ शकतात, पण कधी? गिऱ्हाइकाला आवडणारी गोष्ट खर्च कमी करणाऱ्याच कामातून निघत असेल तेव्हा. ती गोष्ट खर्च वाढवून मिळत असेल, तर वाट निवडावीच लागते.

या वाटेलाही धोका आहे. खर्च कापता कापता ढिलाईची जागाच उरत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू होताना इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. गरजेपुरतीच माणसं ठेवणारी रचना नियम बदलले की किती पटकन ताणली जाते, हे तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. खर्चाची वाट धरणाऱ्याने कुठला खर्च अजिबात कापायचा नाही, हेही आधीच लिहून ठेवावं.

पायरी ४: कशाला ‘नाही’ म्हणणार, ते लिहा

प्रत्येक वाट काही गोष्टी सोडायला लावते. सोडायची यादी नसेल, तर तुम्ही वाट निवडलेली नाही. इंडिगोच्या या यादीत सुरुवातीला फुकट जेवण होतं, बिझनेस क्लास होता, दुसऱ्या जातीचं विमान होतं. गिऱ्हाईक मागत नव्हतं म्हणून ते सोडलं असं नाही. मागणारे होते, त्यांना दुसऱ्या कंपनीकडे जाऊ दिलं.

मोजक्यांनाच विकणाऱ्यांची यादी तर आणखी कडक हवी. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली, ती एम्ब्रेअरच्या ५० आसनी छोट्या जेट विमानांनी. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, नांदेड अशी गावं तिने धरली. अशा गावाहून रोज १८० माणसं एका ठिकाणी जाणारी मिळत नाहीत, त्यामुळे ए३२० तिथे अर्धं रिकामं उडेल. पन्नास आसनी विमानात आसनामागचा खर्च खरं तर जास्त पडतो, पण ते भरतं. शिवाय केंद्राच्या ‘उडान’ योजनेत निवडलेल्या मार्गावर तीन वर्षं तूट भरून काढणारं अनुदान आणि तेवढाच काळ त्या मार्गाचा एकाधिकार मिळतो. मोठ्या कंपनीला जिथे यायला परवडत नाही, तिथे जाऊन बसणं, हे या वाटेचं सार आहे.

तुकडा निवडताना एक परीक्षा घ्या. तुमच्या तुकड्यातल्या गिऱ्हाइकाची गरज खरोखर इतकी वेगळी आहे का, की मोठा स्पर्धक आपल्या नेहमीच्या रचनेने ती भागवू शकणार नाही? ‘आम्ही फक्त पुण्यातच विकतो’ हे या वाटेवर असणं नव्हे, ती फक्त तुमची पोच झाली. आणि तुकडा कायमचा तुमचा राहत नाही. इंडिगोने २०१७ पासून ७८ आसनी एटीआर विमानं आणली आणि तीही छोट्या गावांकडे वळली. अनुदानाची तीन वर्षंही संपतात. म्हणून या वाटेवरच्याने मोठ्याला आत यायला आता काय अडवतंय, हा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारायचा.

पायरी ५: मधे अडकल्याची लक्षणं तपासा

मधे कोणी ठरवून जात नाही. माणूस एकेक समजूतदार वाटणारं पाऊल टाकत तिथे पोचतो. किंगफिशरची पावलं बघा.

सुरुवातीला तिची वाट स्वच्छ होती: थाटाची सेवा, जास्त भाडं. पण बाजारात प्रवासी वाढत होते ते स्वस्त तिकिटांमुळे. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एअर डेक्कनने पहिल्यांदाच विमानात बसणारा प्रवासी तयार केला होता. २००७ मध्ये किंगफिशरने डेक्कनमध्ये मोठा हिस्सा घेतला. कारणं पटण्यासारखी होती. डेक्कनमुळे विमानं आणि मार्ग एकदम वाढले. शिवाय परदेशी उड्डाणांसाठी देशात पाच वर्षं सेवा झालेली असण्याची अट तेव्हा होती आणि डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचं विमान बंगळूरुहून लंडनला गेलंसुद्धा.

मग डेक्कनचं नाव बदलून २००८ मध्ये ‘किंगफिशर रेड’ झालं. इथे गाठ पडली. नावात किंगफिशर आलं की प्रवाशाची अपेक्षा थाटाची होते, पण तिकीट स्वस्ताचं. जो प्रवासी मूळ किंगफिशरला जास्त पैसे देत होता, त्याला त्याच घरातलं स्वस्त तिकीट दिसू लागलं. स्वस्त बाजूचा खर्च मात्र इंडिगोइतका खाली जात नव्हता. ताफ्यात ए३२० होती, एटीआर होती, परदेशासाठी ए३३० होती. वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळं. थाटाच्या बाजूला जास्तीचं भाडं टिकेना आणि स्वस्त बाजूला कमी खर्च जमेना. धड ना इकडे, धड ना तिकडे. २०११ मध्ये पूर्ण सेवेतच जास्त मार्जिन आहे अशी भूमिका घेत कंपनीने रेड बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा हातात वर्षभराचाच वेळ उरला होता.

किंगफिशर केवळ या एका कारणाने बुडाली असं म्हणणं चुकीचं ठरेल. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं, पाठोपाठ मंदी आली, कर्जाचा डोंगर होताच. पण तेल सगळ्यांनाच महाग झालं होतं. वाट पक्की असणाऱ्याला असा धक्का सोसतो, अडकलेल्याकडे तो झेलायला मार्जिनच नसतं.

जेट एअरवेजही याच वळणावरून गेली. १९९३ पासून चांगल्या सेवेवर नाव कमावलेल्या या कंपनीने २००७ मध्ये एअर सहारा विकत घेऊन ‘जेटलाइट’ केली आणि २००९ मध्ये ‘जेट कनेक्ट’ आणली. म्हणजे एका घरात तीन सेवा. आपण नेमकं कशाचं तिकीट काढलंय, हा प्रश्न प्रवाशाला पडू लागला. एप्रिल २०१९ मध्ये जेटची उड्डाणं थांबली.

आपल्याकडे हे होतंय का, हे ओळखायला हिशेब पुरा तोट्यात जायची वाट बघू नका. आधी दिसणारी लक्षणं तीन. पहिलं, सौदे दोन्ही बाजूंनी हातचे जातात: काही गिऱ्हाइकं ‘महाग आहे’ म्हणून जातात आणि काही ‘त्यांच्याकडे याहून चांगलं मिळतं’ म्हणून. एकाच बाजूने जात असतील, तर काळजी नाही, ते तुमचं गिऱ्हाईक नव्हतंच. दुसरं, विक्री वाढते, पण नगामागचं मार्जिन दर तिमाहीला थोडं थोडं खाली येतं आणि त्याला दर वेळी वेगळं, खास कारण सांगितलं जातं. तिसरं, आतली भांडणं. खरेदीवाला स्वस्त माल आणतो, विक्रीवाला दर्जाचं वचन देऊन बसलेला असतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण मालकाने दोघांना वेगळी दिशा दिलेली असते. हे तिसरं लक्षण सगळ्यांत आधी दिसतं, असा माझा अनुभव आहे, पण त्याला माणसांचे स्वभाव म्हणून सोडून दिलं जातं.

पायरी ६: अडकलात, तर बाहेर कसं पडायचं

पहिल्यांदा गिऱ्हाइकांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा: त्याने वर्षात किती दिले आणि त्याच्यामागे किती खर्च झाला. ‘सगळेच महत्त्वाचे’ असं वाटणाऱ्या यादीत बहुतेक वेळा थोड्याच नावांपुढे नफा दिसतो. त्या नावांमध्ये सारखं काय आहे, ते शोधा. तीच तुमची वाट सुचवतात.

मग वाट निवडताना आपलं बळ बघा. सगळ्यांत कमी खर्चाची जागा संपूर्ण बाजारात एखाद्यालाच मिळते, आणि तिला लागणारं प्रमाण छोट्या धंद्याकडे बहुधा नसतं. देशातल्या विमान कंपन्या बघा, शंभराची ऑर्डर देण्याची ऐपत कितींकडे होती? म्हणून छोट्या आणि अडकलेल्या धंद्याने पहिल्या वाटेच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी बहुतेक वेळा तुकडा निवडणंच शहाणपणाचं. त्यात विक्री आधी घटते. ही घट किती महिने सोसता येईल, तेवढी रोकड बाजूला काढल्याशिवाय सुरुवात करू नका, नाहीतर तिसऱ्या महिन्यात घाबरून जुनी गिऱ्हाइकं परत गोळा करायला धावाल.

नवं काही जोडताना

वाट पक्की झाल्यावरही नव्या कल्पना येतच राहतात. त्यातली प्रत्येक कल्पना म्हणजे घसरण नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडिगोने दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाने बिझनेस क्लास सुरू केला. ज्या कंपनीच्या नकार-यादीत बिझनेस क्लास होता, तिनेच तो आणला. मग ती किंगफिशरच्या वाटेने निघाली का?

आपण दुसऱ्या पायरीतला हिशेब लावून बघू. किंगफिशरने २० प्रशस्त आसनांसाठी १८० च्या जागी १३४ आसनं ठेवली, म्हणजे ४६ आसनं गेली. इंडिगोने स्ट्रेचसाठी मोठं ए३२१ विमान घेतलं. एकाच वर्गाचं ठेवलं तर त्यात २३२ आसनं बसतात. स्ट्रेचच्या मांडणीत १२ प्रशस्त आणि २०८ साधी, एकूण २२०. गेली बारा. म्हणजे मागच्या प्रवाशाच्या आसनाचा खर्च जेमतेम साडेपाच टक्के वाढला, आणि पुढच्या प्रत्येक प्रवाशाने दोन साध्या तिकिटांएवढे पैसे दिले, तर एवढ्यापुरती जागेची भरपाई होते. आसनांच्या हिशेबात तरी ही घसरण दिसत नाही.

खरी नजर ठेवायची ती जमिनीवरच्या वेळेवर. पुढच्या बारा जणांचं खाणं चढवण्यात आणि त्यांची सरबराई करण्यात विमान दहा मिनिटं उशिरा निघू लागलं, तर सहावी फेरी धोक्यात येते, आणि मग तो खर्च मागच्या २०८ जणांच्या तिकिटावर जातो. तुमच्या नव्या कल्पनेमुळे असं कुठलं काम हळू होतंय, ते आधी मोजा.